कलम ३८ मध्ये उतरंड आहे का? दादरा-नगर हवेलीचा खटला हातात घेऊन

प्रश्न: सेटची तयारी करते आहे. सराव चाचणीत दोन प्रश्न अडले.

१. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील कलम ३८(१) बद्दल बरोबर विधान कोणतं? (अ) करार, रूढी, सामान्य तत्त्वं अशी श्रेणी कलमानंच ठरवली आहे. (ब) कलमानं या तिघांत श्रेणी ठरवलेली नाही. (क) रूढी नेहमीच करारावर मात करते. (ड) सामान्य तत्त्वं ही न्यायनिर्णयांसारखीच दुय्यम साधनं आहेत.

२. सातत्यानं हरकत घेणारं राष्ट्र, म्हणजे पर्सिस्टंट ऑब्जेक्टर, रूढीतून केव्हा सुटतं? (अ) रूढी पक्की झाल्यावर कधीही स्पष्ट हरकत घेतली तर. (ब) रूढी घडत असताना हरकत घेऊन ती टिकवली तर, नियम कोणताही असो. (क) रूढी घडत असताना हरकत घेऊन ती टिकवली तर, मात्र नियम जस कोजेन्स, म्हणजे कोणत्याही राष्ट्राला बगल देता न येणारा, नसेल तरच. (ड) रूढीला कधीच संमती दिली नसेल तर.

उत्तरतालिकेत पहिल्याचं (अ) आणि दुसऱ्याचं (ब) दिलं आहे. आमच्या सरांना दोन्ही पटत नाहीत. नेमकं काय लिहायचं, आणि का?

उत्तर:

पहिल्याचं उत्तर (ब), दुसऱ्याचं (क). तुमचे सर बरोबर आहेत. विधी महाविद्यालयात हा विषय मी बावीस वर्षं शिकवतो आहे आणि प्रश्नसंचही काढतो. ही चूक उत्तरतालिकांमध्ये वारंवार दिसते. ती का होते हे कळलं की पर्याय कसेही फिरवून दिले तरी अडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कलमाचा मजकूर पाहू. ३८(१) मध्ये चार उपखंड आहेत. पहिल्यात करार, दुसऱ्यात 'कायदा म्हणून स्वीकारलेल्या सर्वसाधारण व्यवहाराचा पुरावा' असलेली रूढी, तिसऱ्यात सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली कायद्याची सामान्य तत्त्वं, आणि चौथ्यात न्यायनिर्णय व नामवंत विधिज्ञांचं लेखन. 'दुय्यम साधन' हे शब्द फक्त चौथ्या उपखंडात आहेत, त्यामुळे पर्याय (ड) तिथेच बाद होतो. सामान्य तत्त्वं हा स्वतंत्र स्रोत आहे. न्यायनिर्णय मात्र नियम शोधायला मदत करतात, ते स्वतः नियमाचा उगम नाहीत.

आता श्रेणी. पहिल्या तीन उपखंडांत वर-खाली सांगणारा एकही शब्द नाही, आणि तो चुकून राहून गेलेला नाही. १९२० मध्ये हेगला विधिज्ञांच्या समितीनं आजच्या न्यायालयाच्या आधीच्या, म्हणजे स्थायी न्यायालयाच्या संविधीचा मसुदा केला, तेव्हा न्यायालयानं हे स्रोत 'पुढील क्रमानं' लावावेत अशा अर्थाचे शब्द त्यात होते. त्यावर वाद झाला आणि अंतिम मजकुरातून ते गळले. जे शब्द विचार करून काढले, ते आहेतच असं समजून कलम वाचता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं २०२३ मध्ये सामान्य तत्त्वांवर पहिल्या वाचनात स्वीकारलेल्या मसुद्यातही हेच म्हटलं आहे की करार व रूढी यांच्याशी सामान्य तत्त्वांचं श्रेणीचं नातं नाही.

मग (अ) इतका खरा का वाटतो? न्यायाधीश प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच क्रमानं शोध घेतात म्हणून. दोन राष्ट्रांमध्ये नेमक्या त्या मुद्द्यावर करार असेल तर तो आधी उघडून बघायचा, नसेल तर रूढी शोधायची, तीही नसेल तर सामान्य तत्त्वांकडे वळायचं. ही शोध घेण्याची वाट झाली. घरात किल्ली शोधताना आपण आधी खुंटीवर पाहतो, मग खिशात, मग कपाटात. म्हणून खुंटीवरची किल्ली खिशातल्या किल्लीपेक्षा थोर ठरत नाही. शोधाचा क्रम आणि नियमाचा दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पहिला प्रश्न सुटला.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गात दरवर्षी एकच खटला फळ्यावर मांडतो. तो पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्काचा खटला. निकाल १२ एप्रिल १९६० चा. तिन्ही स्रोत एकाच वादात समोरासमोर आलेला असा दुसरा सुटसुटीत खटला मला माहीत नाही, आणि त्याचं मूळ पेशवाईतल्या एका तहात आहे.

दमण समुद्रकाठी. तिथून आत दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातले दोन तुकडे, चारही बाजूंनी भारतीय भूमीनं वेढलेले. दमणहून तिथं जायचं तर भारतातूनच जावं लागे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्थानिक उठावात दोन्ही ठिकाणची पोर्तुगीज सत्ता गेली आणि भारतानं पोर्तुगीजांना वाट नाकारली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल न्यायालयात गेलं. मागणी अशी की या तुकड्यांवर आमचं सार्वभौमत्व चालवण्यासाठी लागेल तेवढी ये-जा करण्याचा आम्हाला हक्क आहे, सैन्य आणि शस्त्रं यांच्यासह.

या मागणीला पोर्तुगालनं एकामागून एक आधार दिले.

पहिला करार. १७७९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्याचा तह झाला. त्यात पेशव्यांनी दमणच्या आसपासच्या गावांचा वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा महसूल पोर्तुगीजांना देण्याचं कबूल केलं. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावं लावून दिली. पोर्तुगालचं म्हणणं, आम्हाला इथं सार्वभौमत्व मिळालं आणि सार्वभौमत्वाबरोबर वाटही आली. न्यायालयानं तह वैध धरला, पण दिलं काय ते तपासलं. दिलं होतं ते सरंजाम, म्हणजे महसुलाचं उत्पन्न. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको: सरंजाम मिळाला म्हणून कोणी त्या मुलखाचा राजा होत नाही. त्यामुळे मराठ्यांच्या काळात पोर्तुगीजांना सार्वभौम हक्काची वाट तहानं मिळाली हे म्हणणं टिकलं नाही. पुढे इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांचा तिथला प्रत्यक्ष ताबा पाहिला आणि त्यांचं सार्वभौमत्व मानलं. तो वेगळा टप्पा. त्यात या वाटेचा हक्क देणारा तह नव्हता.

इथं थांबून बघा. करार उपलब्ध होता, वैध होता, सगळ्यात आधी तपासला गेला, तरी खटल्याचा निकाल त्यानं लागला नाही, कारण या मुद्द्यावर तो बोलतच नव्हता. श्रेणीनं विचार करणारा विद्यार्थी इथंच गडबडतो. 'करार आहे म्हणजे तोच लागू' असं तो लिहितो. करार किती थोर आहे हे आधी विचारायचं नसतं. तो या मुद्द्यावर काही म्हणतो का, हे विचारायचं.

दुसरा आधार रूढी. पोर्तुगालनं इंग्रजांच्या काळापासूनचा व्यवहार दाखवला. भारताची हरकत होती की फक्त दोन राष्ट्रांत रूढी असूच शकत नाही. न्यायालयानं ती फेटाळली. दीर्घ व्यवहारावर उभी राहणारी स्थानिक रूढी दोघांपेक्षा जास्त राष्ट्रांतच असली पाहिजे असं मानायला कारण दिसत नाही, असा त्याचा सूर होता. 'रूढी म्हणजे किमान बहुसंख्य राष्ट्रांचा व्यवहार' असा पर्याय परीक्षेत दिसला तर ही हरकत आणि तिचा निकाल आठवा.

मग न्यायालयानं व्यवहार सरसकट न घेता वेगळा वेगळा केला, आणि मला या निकालातला हा भाग सगळ्यात आवडतो. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अखंड आणि एकसारखी चालत आली होती. इंग्रज गेले, भारत स्वतंत्र झाला, तरी ती चालू राहिली. दोन्ही बाजू तिला हक्क आणि कर्तव्य मानून वागत होत्या, म्हणजे व्यवहार होता आणि ओपिनिओ ज्युरिसही होतं. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांचं तसं नव्हतं. तिथं दर वेळी आधी परवानगी मागितली जाई. पोर्तुगीज प्रशासनाच्याच १८९० च्या पत्रात म्हटलं होतं की आमचं सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश प्रदेशातून कधीच जात नाही. परवानगी कितीही वेळा मिळालेली असो, जी मागावी लागते ती गोष्ट हक्काची होत नाही. व्यवहार होता, पण तो हक्क मानून केलेला नव्हता, म्हणून रूढी जमली नाही. रूढीचे दोन घटक वेगवेगळे का तपासायचे, हे याहून स्वच्छ कुठं दिसेल असं वाटत नाही.

तिसरा आधार सामान्य तत्त्वं, आणि त्याच्या जोडीला वेढलेल्या प्रदेशांबाबतची सर्वसाधारण रूढी. पोर्तुगालनं अनेक देशांचे कायदे पुढे ठेवले. चारही बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनींनी वेढलेल्या शेताच्या मालकाला वाट मिळते, हे तत्त्व सगळीकडे सापडतं. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात गरजेपोटीची वाट आहे, आणि शेतरस्त्याच्या दाव्यांसाठी तहसीलदाराच्या दारात उभा राहिलेला कुणीही हे तत्त्व ओळखेल. युक्तिवाद दमदार होता. पण न्यायालयानं तो तपासलाच नाही. कारण असं दिलं की या दोन राष्ट्रांमधला संबंध ठरवणारा स्पष्ट आणि दीर्घ व्यवहार सापडला आहे, आणि असा खास व्यवहार सर्वसाधारण नियमांवर मात करतो.

हे कारण नीट वाचा, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सामान्य तत्त्वं खालच्या पायरीवर आहेत म्हणून ती बाजूला ठेवली, असं न्यायालय म्हणालं नाही. खास नियम सर्वसाधारण नियमाच्या आधी येतो म्हणून ठेवली. लेक्स स्पेशालिस ते हेच. आणि हा खास नियम करार नव्हता, रूढी होती. या दोघांपुरती रूढी सर्वसाधारण रूढीवर आणि सामान्य तत्त्वांवरही भारी पडली.

निकाल असा: मुलकी ये-जा हा पोर्तुगालचा हक्क, ११ विरुद्ध ४. सैन्य आणि शस्त्रांसाठी हक्क नाही, ८ विरुद्ध ७. आणि १९५४ मध्ये भारतानं वाट बंद केली ती आपल्या जबाबदाऱ्यांच्या विरुद्ध नव्हती, ९ विरुद्ध ६, कारण हक्क असला तरी वाहतुकीचं नियमन आणि नियंत्रण करण्याची सत्ता भारताकडे होती आणि तेव्हाच्या तणावात ती वापरणं गैर नव्हतं. मतांचे आकडे पाठ करण्याची गरज नाही. 'पोर्तुगाल जिंकलं' किंवा 'भारत जिंकला' असा एका ओळीचा पर्याय आला, तर दोन्ही अर्धवट आहेत एवढं लक्षात ठेवा.

करार आणि रूढी यांच्यातही कोण भारी ठरेल हे असंच परिस्थितीवर ठरतं. खास विरुद्ध सर्वसाधारण, आणि नंतरचं विरुद्ध आधीचं. म्हणून पर्याय (क) मधला 'नेहमीच' चुकीचा, आणि 'करार नेहमीच वरचढ' असं दिलं असतं तर तेही तितकंच चुकीचं. समुद्राचं उदाहरण घ्या. १९५८ च्या जिनिव्हा करारानुसार प्रादेशिक समुद्र संपला की खुला समुद्र सुरू. पुढे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा व्यवहार जगभर पसरला. १९८२ चा समुद्रविषयक करार अंमलात यायला १९९४ उजाडलं, पण १९८५ मध्येच लिबिया-माल्टा खटल्यात न्यायालयानं सांगितलं की हे क्षेत्र रूढीचा भाग झालं आहे. नंतरच्या रूढीनं आधीच्या कराराचा अर्थ आक्रसून टाकला.

खरी उतरंड एकाच ठिकाणी आहे, जस कोजेन्सपाशी. करारांच्या कायद्याविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ५३ नुसार अशा नियमाविरुद्ध केलेला करार मुळातच रद्द. कलम ६४ नुसार असा नियम नंतर उदयाला आला तरी त्याच्याशी विसंगत करार संपतो. पण ही उतरंड स्रोतांमध्ये नसून नियमांमध्ये आहे. वंशसंहारबंदी वरची ठरते ती तिच्या आशयामुळे, ती कोणत्या उपखंडातून आली त्यामुळे नव्हे. हा भेद धरला की दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येतं, कारण तिथं (ब) आणि (क) मधला सगळा फरक यातच आहे.

पर्सिस्टंट ऑब्जेक्टरचा मूळ खटला इंग्लंड विरुद्ध नॉर्वे, निकाल डिसेंबर १९५१. नॉर्वेचा किनारा फाटक्या कापडाच्या कडेसारखा, फ्योर्ड आणि खडकाळ बेटांचा. १९३५ च्या राजाज्ञेनं नॉर्वेनं बाहेरच्या टोकांवरच्या ४८ बिंदूंमधून सरळ रेषा ओढल्या आणि मासेमारीचं क्षेत्र तिथून मोजलं. इंग्रजी ट्रॉलर पकडले जाऊ लागले. इंग्लंडचं म्हणणं, खाडीचं तोंड बंद करणारी रेषा दहा मैलांपेक्षा लांब असता कामा नये, ही रूढी आहे. न्यायालयाचं पहिलं उत्तर: असा सर्वसाधारण नियम बनलेलाच नाही. दुसरं उत्तर: बनला असता तरी तो नॉर्वेला लागू पडला नसता, कारण नॉर्वेनं आपल्या किनाऱ्यावर तो लावण्याचा प्रत्येक प्रयत्न नेहमीच नाकारला होता.

'बनला असता तरी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हरकतीचा सिद्धांत इथं जोडीचा युक्तिवाद म्हणून आला, निकालाचा एकमेव पाया म्हणून नाही. आदल्या वर्षीच्या कोलंबिया-पेरू आश्रय खटल्यातही तसंच. कोलंबियाला लॅटिन अमेरिकेतली प्रादेशिक रूढी सिद्ध करता आली नाही, आणि असती तरी पेरूवर लादता आली नसती, असं न्यायालय म्हणालं. आश्रय खटला प्रादेशिक रूढीखाली विचारतात आणि हरकतीखालीही. दोन्ही बरोबर आहे, गोंधळू नका.

नॉर्वेची दुसरी बाजू परीक्षेत क्वचित विचारतात, पण सिद्धांत तिच्यामुळेच कळतो. नॉर्वेनं आपली पद्धत लपवली नव्हती. १८६९ आणि १८८९ च्या राजाज्ञांनी ती उघडपणे लावली होती, आणि उत्तर समुद्रात मासेमारी करणारं, ज्याला याची झळ बसत होती ते इंग्लंड साठ वर्षांहून अधिक काळ गप्प राहिलं. नॉर्वेचं बोलणं आणि इंग्लंडचं मौन दोन्ही नॉर्वेच्याच पारड्यात पडलं. म्हणून पर्याय (ड), 'कधीच संमती दिली नाही', चुकीचा. सर्वसाधारण रूढी बांधण्यासाठी प्रत्येक राष्ट्राची संमती लागत नाही. नियम घडत असताना गप्प राहिलेलं राष्ट्र संमती न देताही बांधलं जातं. सुटायचं असेल तर बोलावं लागतं.

कधी आणि कसं बोलायचं, हे विधी आयोगाच्या रूढीवरच्या २०१८ च्या निष्कर्षांत, पंधराव्या निष्कर्षात नेमकं आहे. हरकत नियम घडत असताना घ्यायची. ती स्पष्ट हवी, इतर राष्ट्रांपर्यंत पोहोचलेली हवी आणि सातत्यानं टिकवलेली हवी. टिकवली तोवरच सूट. नियम पक्का झाल्यावर घेतलेली हरकत उशिराची, तिनं काही सुटत नाही, म्हणून (अ) बाद.

'टिकवली तोवरच' याचं चांगलं उदाहरण अमेरिका. बारा मैलांच्या प्रादेशिक समुद्राला विरोध करत ती तीन मैलांवर अडून राहिली. बाकी जग बारावर गेलं, आणि डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकेनं स्वतःच बारा मैल जाहीर केले. ज्या दिवशी हरकत सोडली, त्या दिवशी सूटही संपली. हरकत टिकवून शेवटपर्यंत सुटलेली राष्ट्रं फार थोडी आहेत, याचं कारण कायद्यात नसून व्यवहारात आहे: सगळ्या जगाशी वेगळ्या नियमानं वागत राहणं महाग पडतं.

राहिलं (ब) आणि (क). दक्षिण आफ्रिका वर्णभेदाचा निषेध होत असताना त्या निषेधाला आधीपासून, स्पष्टपणे आणि सातत्यानं विरोध करत होती. (ब) मधली प्रत्येक अट ती पुरी करते. (ब) बरोबर मानलं तर वर्णभेद तिच्यापुरता वैध ठरतो, आणि हे कोणीच मान्य केलं नाही. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालच्या आरोपीला मृत्युदंड देण्याबाबत अमेरिकेनं असाच बचाव घेतला, तेव्हा आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगानं २००२ मध्ये हा नियम जस कोजेन्स आहे, इथं हरकत चालत नाही, असं सांगितलं. विधी आयोगानंही जस कोजेन्सवरच्या २०२२ च्या निष्कर्षांत हेच लिहून ठेवलं. (ब) च्या शेवटचे तीन शब्द, 'नियम कोणताही असो', हेच त्यातलं विष आहे.

उत्तरतालिकेवर आक्षेप नोंदवणार असाल तर लांबलचक लिहू नका. पहिल्यासाठी: कलम ३८(१) च्या मजकुरात श्रेणीचे शब्द नाहीत, १९२० च्या मसुद्यातले तसे शब्द अंतिम मजकुरात ठेवले नाहीत, आणि १९६० च्या निकालात खास स्थानिक रूढी सर्वसाधारण नियमांवर भारी ठरली. दुसऱ्यासाठी: २०१८ चा पंधरावा निष्कर्ष, ज्यात हरकतीचा नियम जस कोजेन्सच्या प्रश्नाला बाधा आणत नाही असं म्हटलं आहे, आणि त्याला पूरक २०२२ चे निष्कर्ष. एवढं पुरेसं आहे. मात्र मूळ प्रश्नात 'न्यायालय सामान्यतः कोणत्या क्रमानं स्रोत तपासतं' असं विचारलं असेल तर (अ) मधला क्रम बरोबर धरला जाईल, तेव्हा आक्षेप पाठवण्याआधी प्रश्नाची शब्दरचना एकदा परत पाहा.